प्रकल्प नोंदी: भाच्याची हार्ड डिस्क, एक गेम आणि डिफ्रॅगचा हिशोब

३ जानेवारी २०२६, शनिवार

भाच्याचा पीसी आज आला, रिक्षातून, कॅबिनेट मांडीवर घेऊन. तक्रार एकच. त्याचा तो मोठा ओपन वर्ल्ड गेम लोड व्हायला दोन मिनिटांच्या वर घेतोय आणि वर्षभरापूर्वी असं नव्हतं म्हणे. येतानाच उपाय पण घेऊन आलाय, "मामा, डिफ्रॅग मार की एकदा, सगळे म्हणतात लई फरक पडतोय." डिफ्रॅग म्हणजे डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या फाइली परत जोडून सलग ठेवणं, आणि फ्रॅगमेंटेशन म्हणजे ते विखुरणं. म्हटलं सगळे म्हणतात तर मोजून बघूया, नाहीतर तू रात्रभर डिफ्रॅग लावणार आणि सकाळी तुला उगंच फास्ट वाटणार.

मशीन असं आहे: चार कोरचा जुना आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, विंडोज १२० जीबीच्या छोट्या एसएसडीवर, आणि गेम, व्हिडिओ, बाकी सगळा पसारा १ टीबीच्या ७२०० आरपीएम हार्ड डिस्कवर, म्हणजे D: वर. विंडोज तिला ९३१ जीबी दाखवतं, त्यात मोकळे फक्त ७१. गेमचं फोल्डर ६८ जीबीचं.

आधी डिस्कची तब्येत बघितली, क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून. रिअलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग सेक्टर शून्य. हे पहिल्यांदा बघायचं कारण म्हणजे मरायला टेकलेली डिस्क एखादा सेक्टर परत परत वाचत बसते आणि बाहेरून ते अगदी फ्रॅगमेंटेशनसारखंच दिसतं. तसल्या डिस्कवर डिफ्रॅग मारला तर शेकडो जीबी डेटा इकडून तिकडं हलवण्यातच ती बसायची. इथं तसं काही नाही. तरी सेव्ह गेम पेन ड्राइव्हवर काढून ठेवले, कारण ते गेले तर ताईच्या घरी मला जेवायला मिळणार नाही.

४ जानेवारी, रविवार

आज नुसतं मोजलं. मोबाईलचं स्टॉपवॉच, एकच सेव्ह, मेनूत "कंटिन्यू" दाबल्यापासून ते कॅरेक्टर हलायला लागेपर्यंत. प्रत्येक वेळी आधी पीसी रीस्टार्ट, मग पाच मिनिटं हात न लावता बसायचं, कारण विंडोज सुरू झाल्यावर मागं अँटिव्हायरस, अपडेट, सगळ्यांची जत्रा चालू असते. घाई करून मी पहिलं रीडिंग लगेच घेतलं तर १४९ सेकंद आलं, ते सोडून दिलं. नंतरची तीन: १३१, १२६, १२८. म्हणजे १२८ धरूया.

आता खरी गंमत. गेम बंद केला, पीसी रीस्टार्ट न करता परत चालू केला आणि तोच सेव्ह लोड केला. ५८ सेकंद! डिस्कला काहीच केलेलं नाही. विंडोज एकदा वाचलेल्या फाइली मोकळ्या रॅममध्ये ठेवून देतं, दुसऱ्यांदा तिथूनच उचलतं. रिसोर्स मॉनिटर उघडून खात्री केली, दुसऱ्या वेळी हार्ड डिस्कवरचं रीडिंग जवळपास शून्य. (काही गेम ही विंडोजची कॅश बाजूला ठेवून थेट डिस्कवरून वाचतात, त्यांच्यात दुसऱ्यांदा पण तेवढाच वेळ लागतो, म्हणून हे बघून घ्यायला लागतं.)

ह्या ५८ ला मी "तळ" म्हणणार आहे. डिस्क कितीही फास्ट असली तरी ह्या मशीनवर हा गेम ५८ च्या खाली येणार नाही, कारण तेवढा वेळ प्रोसेसरला डेटा उलगडायला आणि जग उभं करायला लागतोय. टास्क मॅनेजरमध्ये एक कोर फुल्ल आणि बाकीचे तीन निवांत. म्हणजे डिस्कचा जास्तीत जास्त दोष १२८ वजा ५८, सत्तर सेकंद. डिफ्रॅग करा, डिस्क बदला, नवस बोला, सत्तरच्या वर वाचणार नाहीत.

६ जानेवारी, मंगळवार

ऑफिसवरून आल्यावर विंडोजलाच विचारलं, अॅडमिनवालं कमांड प्रॉम्प्ट उघडून:

```
defrag D: /A /V
```

उत्तर आलं ४ टक्के फ्रॅगमेंटेड आणि खाली "You do not need to defragment this volume." भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मला पण क्षणभर वाटलं की विषय संपला.

पण हा आकडा दोन कारणांनी फसवा आहे. एक म्हणजे ही सगळ्या डिस्कची सरासरी, आणि सरासरीत एक बिघडलेली फाइल दिसत नाही, सगळ्या वर्गाचा निकाल ९६ टक्के लागला तरी नापास झालेला तुमचाच पोरगा असू शकतो की. दुसरं, ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे विंडोज ह्या हिशोबात धरतच नाही, रिपोर्टच्या खाली तसं लिहिलेलं पण असतं. हे दुसरं मात्र बरोबरच आहे. ६४ एमबी वाचायला ह्या डिस्कला अर्धा सेकंद लागतो आणि पुढच्या तुकड्यावर उडी मारायला १२ मिलिसेकंद, म्हणजे दोनेक टक्क्यांचा फरक. मोठे तुकडे कितीही असूदेत, त्रास नाही. त्रास बारक्या तुकड्यांचा.

म्हणून फाइलवार बघितलं. सिसइंटर्नल्सचं contig नावाचं छोटं टूल आहे, जुनं पण कामाचं:

```
contig -a -s D:\Games\*.pak
```

गेमचा डेटा भरलेल्या ३१ पॅक फाइली, बहुतेक दोन-दोन जीबीच्या. तीस फाइलींचे तुकडे ५, ११, ३, २६ असे, म्हणजे काहीच नाही. आणि एक फाइल, नावातच patch, साईज २.१ जीबी, तुकडे ६,४००. सरासरी तुकडा साडेतीनशे केबीच्याही आत. आयला.

८ जानेवारी, गुरुवार

दोन प्रश्न होते. ही फाइल लोडिंगला किती वाचली जाते, आणि तिचा असा भुगा झाला कसा.

पहिल्यासाठी प्रोसेस मॉनिटर लावून एकदा गेम लोड केला आणि त्यातली फाइल समरी बघितली, कुठल्या फाइलमधून किती बाइट वाचले ते त्यात मिळतं. (हे चालू असताना वेळ मोजायची नाही, ह्याच्यामुळंच लोडिंग लांबतं.) एकूण ४.१ जीबी वाचलं गेलं, ६८ जीबीच्या गेममधलं. म्हणजे बाकीचे चौसष्ट जीबी कितीही तुटलेले असते तरी ह्या लोडिंगला काही फरक नव्हता. पण त्या ४.१ मधले १.१ जीबी त्या एकट्या पॅच फाइलमधले. साहजिकच आहे, पॅच फाइलमध्ये नव्यानं बदललेलं सगळं असतं आणि गेम आधी तिच्यात बघतो.

दुसऱ्यासाठी विंडोजचीच कमांड, फाइलचे तुकडे डिस्कवर नक्की कुठं आहेत ते दाखवते. पाथ लांब आहे म्हणून इथं त्या फोल्डरमध्ये जाऊन:

```
fsutil file queryextents patch_03.pak

VCN: 0x0    Clusters: 0x54   LCN: 0xb3a1c10
VCN: 0x54   Clusters: 0x40   LCN: 0xb3a1ce4
VCN: 0x94   Clusters: 0x68   LCN: 0xb3a1da4
```

आणि खाली असंच हजारो ओळी. क्लस्टर म्हणजे ४ केबीचा एक कप्पा. पहिला तुकडा ०x५४ म्हणजे ८४ कप्पे, ३३६ केबी. तो जिथं संपतो तिथून पुढचा तुकडा बरोबर १२८ कप्पे सोडून सुरू होतो, म्हणजे मध्ये ५१२ केबी दुसऱ्याच कुणाचं तरी. तिसऱ्याच्या आधी परत ५१२. परत परत ५१२. कापडावर उभे पट्टे असावेत तसं.

कोण हा मधला? फाइलची तारीख बघितली, ऑक्टोबरातला एक रविवार. त्याच दिवशी, त्याच वेळी भाच्याचा एक ११ जीबीचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ, त्याच D: वर. विचारलं तर म्हणतोय, "पॅच डाउनलोड व्हायला लागला म्हणून दुसरा गेम खेळत रेकॉर्डिंग चालू ठेवलेलं." झालं की मग. लाँचर थोडं लिहितोय, रेकॉर्डर थोडं लिहितोय, दोघांनाही आधी माहीत नाही किंवा सांगितलं नाही की एकूण जागा किती लागणार, आणि डिस्कवरची जागा वाटणारं विंडोजचं एनटीएफएस दोघांना आलटून पालटून पुढची मोकळी जागा देत गेलं. डिस्क गळ्यापर्यंत भरलेली, त्यामुळं लांब कुठंतरी दुसरी मोठी जागा द्यायची सोय पण नव्हती. व्हिडिओला contig लावलं, त्याचे पण सहा हजारांवर तुकडे, म्हणजे जोडीदार सापडला.

आता डिफ्रॅगच्या आधीच अंदाज लिहून ठेवतोय, नंतर मी हुशार होतो असं म्हणता येऊ नये म्हणून. १.१ जीबी वाचताना साधारण ३,३०० तुकडे ओलांडायला लागणार. ७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते, हवी ती जागा डेटा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात हेड सरकायचे आठेक, मिळून १२ मिलिसेकंद. ३,३०० गुणिले १२ म्हणजे ४० सेकंद, हा सगळ्यात वाईट हिशोब. पण इथं पुढचा तुकडा लांब नाही, फक्त ५१२ केबी पुढं आहे, हेड हलवायची बहुतेक वेळा गरजच नाही, तबकडी तेवढी फिरून जाऊ दिली की झालं, त्याला चार-साडेचार मिलिसेकंद. तसं धरलं तर १५ सेकंद. म्हणजे ह्या फाइलचे तुकडे जोडून १५ ते ४० सेकंद वाचायला पाहिजेत. भाचा म्हणतोय साठ. पैज लागली, हरणाऱ्यानं मिसळ द्यायची.

९ जानेवारी, शुक्रवार

सगळी डिस्क डिफ्रॅग करायच्या आधी फक्त ती एक फाइल जोडायची ठरवलं, म्हणजे कशानं काय झालं ते वेगवेगळं कळेल.

```
contig -v patch_03.pak
```

नीट जमलं नाही. तुकडे कमी झाले पण अजून शेकड्यात. कारण फाइल सलग ठेवायला सलग मोकळी जागा पण पाहिजे, आणि `contig -f D:` नं मोकळ्या जागेचा हिशोब दाखवला तर ७१ जीबी मोकळे असून सगळ्यात मोठा सलग तुकडा २१० एमबीचा. मोकळी जागासुद्धा भुगाच. पिंपात पाणी आहे पण वाटीवाटीनं ठेवलेलं.

मग भाच्याला बसवून जुने व्हिडिओ डिलीट करायला लावले. एकेक व्हिडिओ शेवटचा एकदा बघून मग डिलीट, त्यात दोन तास गेले. १४० जीबी मोकळे झाले, सलग जागा २३ जीबीची मिळाली. परत contig, दीड मिनिटात काम झालं, तुकडा एक.

लगेच गेम लावला, ६२ सेकंद. भाचा नाचायलाच लागला, "नाद खुळा! मामा मिसळ!" मी पण दोन मिनिटं गप्प. मग आठवलं की contig चालू व्हायच्या आधी साहेबांनी अर्धा तास तोच गेम खेळलाय आणि मशीन रीस्टार्ट झालेलं नाही. रॅममधून लोड झालं ते. बरेच जण डिफ्रॅगनं निम्मा वेळ वाचला म्हणून सांगतात त्यातले किती असे असतील काय माहीत, आधीचं रीडिंग सकाळी पीसी चालू केल्या केल्या आणि नंतरचं खेळून झाल्यावर.

रीस्टार्ट, पाच मिनिटं, परत. आणि लाईट गेली. उरलेलं उद्या-परवा.

११ जानेवारी, रविवार

तीन रीडिंग, प्रत्येक वेळी रीस्टार्ट करून: १०६, १०८, १०७. म्हणजे १२८ वरून १०७, वाचले २१ सेकंद. अंदाजाच्या खालच्या बाजूला, पण आत. हेड उड्या मारत नव्हतं, नुसती वाट बघत होतं, हे बरोबर निघालं. मिसळ भाच्याकडं.

एक फालतू वाटेल अशी गोष्ट पण बघितली. एक तुकडा आणि नऊ तुकडे ह्यात फरक पडतो का. फाइलची कॉपी मुद्दाम बारक्या जागेत बसवून नऊ तुकड्यांची केली, गेमला तीच दिली. १०७, १०६. काही फरक नाही, आणि असायचं कारण पण नाही, नऊ उड्यांचा एक दशांश सेकंद होतो. डिफ्रॅगवाल्या प्रोग्रामात लाल ठिपके बघून जीव खालीवर करू नये.

रात्री झोपताना पूर्ण डिफ्रॅग लावला, भाच्याच्या समाधानासाठी. विंडोजच्या डिफ्रॅगला नीट काम करायला साधारण १५ टक्के जागा मोकळी लागते, ती आता आहे.

```
defrag D: /U /V
```

सकाळी उठून बघतोय तर संपलेला, सात तासाच्या आसपास चाललेला दिसतोय.

१२ जानेवारी, सोमवार

पूर्ण डिफ्रॅगनंतर: १०७, १०५, १०७. सात तासांचं फळ म्हणजे धरलं तर एक सेकंद, आणि स्टॉपवॉचवरच्या माझ्या अंगठ्याची चूक पण तेवढीच असणार.

म्हणजे डिफ्रॅगचा जो काही फायदा होता तो एका फाइलमध्ये होता आणि दीड मिनिटात मिळाला. ज्याची तशी फाइल नाही त्याला डिफ्रॅग करून शून्य मिळणार. "डिफ्रॅगनं काही होत नाही" म्हणणारे आणि "लई फरक पडतो" म्हणणारे, दोघं आपापल्या डिस्कबद्दल खरं बोलत असतील.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

तिळगूळ घ्यायला ताईकडं गेलो तर भाचा दारातच, "मामा अजून १०७ च हाय." गोड बोल म्हटलं.

आता जागेचा मुद्दा. fsutil नं परवा LCN दिला होता 0xb3a1c10, हा कप्प्याचा नंबर. साध्या आकड्यात १८ कोटी ८३ लाखांच्या घरात, त्याला ४ केबीनं गुणलं की डिस्कच्या सुरुवातीपासून ७१८ जीबीवर येतं. म्हणजे ९३१ पैकी ७७ टक्के पुढं. पूर्ण डिफ्रॅगनंतर परत बघितलं तर बहुतेक पॅक फाइली अजून त्याच भागात. विंडोजचा डिफ्रॅग तुकडे जोडतो पण हा गेम पुढं आण, तो व्हिडिओ मागं टाक असं त्याला सांगायची सोय नाही.

ह्यानं काय होतं? हार्ड डिस्कची तबकडी सगळीकडं एकाच वेगानं फिरते, पण बाहेरच्या कडेचा ट्रॅक लांब, त्यावर जास्त सेक्टर बसतात, त्यामुळं एका फेरीत जास्त डेटा हेडखालून जातो. रंकाळ्याला बाहेरच्या कडेनं आणि आतल्या कडेनं चालणारे दोघं एकाच वेळी फेरी पूर्ण करत असतील तर बाहेरचा जास्त पावलं टाकणार, तसं. डिस्कची सुरुवात बाहेरून होते. एचडी ट्यून लावून आलेख काढला, सुरुवातीला सेकंदाला १८६ एमबी, शेवटी ९१, आणि गेम बसलाय तिथं १२२. निम्म्याला निम्मा फरक एकाच डिस्कमध्ये.

४.१ जीबी १२२ च्या वेगानं वाचायला ३४ सेकंद, १८० च्या वेगानं २३. म्हणजे गेम पुढच्या भागात नेला तर अकरा सेकंद मिळायला पाहिजेत. हा अंदाज पण लिहून ठेवला. ह्या वेळी पैज लावायला कुणी तयार नाही.

१८ जानेवारी, रविवार

गेम पुढं नेण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे पार्टिशन. जे पार्टिशन डिस्कवर पहिलं ते बाहेरच्या कडेला. D: वर विंडोज नाही त्यामुळं सोपं आहे, सगळा डेटा बाहेर काढायचा, D: उडवायचा, परत पहिला भाग ३०० जीबीचा D: म्हणून गेमसाठी आणि उरलेला E: म्हणून व्हिडिओसाठी. अक्षर तेच ठेवलं म्हणजे लाँचर गेम कुठं गेला म्हणून ओरडत नाही.

बॅकअपला मित्राची अडीच इंची एक्स्टर्नल डिस्क आणली आणि अर्धा रविवार तिनंच खाल्ला. सुरुवातीला ११० नं कॉपी होत होतं, मग खाली खाली येत वीस-पंचवीसवर, मध्येच शून्य, परत चाळीस. मॉडेल नंबर शोधला तर एसएमआर डिस्क, म्हणजे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवून बसवलेले. एक ट्रॅक परत लिहायचा तर शेजारचे पण परत लिहायला लागतात, म्हणून डिस्क आलेला डेटा आधी एका कोपऱ्यात साठवते आणि मग सवडीनं जागेवर नेते. कोपरा भरला की तुम्ही थांबा. आणि कुठला डेटा खरोखर कुठं आहे ते डिस्कचं डिस्कला माहीत. त्यामुळं ह्या वहीतला LCN चा सगळा हिशोब असल्या डिस्कवर लावता येत नाही. contig म्हणेल एक तुकडा आणि तबकडीवर वेगळंच असेल, वर डिफ्रॅग मारला तर रात्र नाही, दोन दिवस जातील. गेम असल्या डिस्कवर असेल तर आधी हे बघा.

रात्री अकराला डेटा परत आला. नव्या रिकाम्या पार्टिशनवर फाइली एकामागून एक कॉपी झाल्या, त्यामुळं तुकड्यांचा प्रश्नच मिटला, ३१ फाइलींना मिळून ३१ तुकडे.

१९ जानेवारी, सोमवार

९६, ९४, ९५. म्हणजे १०६ वरून ९५, बरोबर अकरा. इतका जुळलेला अंदाज बघून मला स्वतःलाच संशय आला, कारण डिस्क वाचत असताना प्रोसेसर पण काम करत असतो आणि दोघांचे वेळ असे सरळ बेरजेत बसत नाहीत. थोडा नशिबाचा भाग असणार. शिवाय ३०० जीबीच्या पट्ट्यातच सगळं असल्यामुळं हेडला लांब जायला लागत नाही, त्याचा पण वाटा असेल.

आता तळ ५८ आणि आपण ९५ वर. मधले ३७ सेकंद कुठं जातात? ४.१ जीबी सलग वाचलं तर २३ सेकंद. पण गेम सलग वाचत नाही. प्रोसेस मॉनिटरमध्ये ऑफसेट बघितले, ह्या पॅकमधून ६४ केबी, मग त्याच पॅकमध्ये ८०० एमबी पुढून थोडं, मग दुसऱ्या पॅकमधून टेक्श्चर, मग परत पहिल्यात. लक्ष्मीपुरीत मसाला घेतला, मग कपिलतीर्थाला कोथिंबीर, मग आठवलं म्हणून परत लक्ष्मीपुरी. फाइल एका तुकड्यात असली तरी ह्या उड्या आहेतच, कारण त्या फाइलच्या आतल्या आहेत. डिफ्रॅग फाइलचे तुकडे लावतो, गेमला कुठल्या क्रमानं हवंय ते त्याला कळत नाही. हे काम गेम बनवणाऱ्याचं.

आणि ते करतात पण. हार्ड डिस्कवर उड्या कमी व्हाव्यात म्हणून एकच झाड, एकच दगड प्रत्येक लेव्हलच्या डेटात परत परत ठेवायचा, म्हणजे लेव्हल एका दमात वाचता येते. गेम फुगतात त्याचं हे एक कारण. हेलडायव्हर्स २ चं उदाहरण आहे, पीसीवर तो १५४ जीबीचा झाला होता ह्याच डुप्लिकेट डेटामुळं. २०२५ च्या डिसेंबरात त्यांनी डुप्लिकेट काढून तो २३ जीबीवर आणला आणि मोजून सांगितलं की हार्ड डिस्कवाल्यांना काही सेकंदांचाच फरक पडतोय, कारण त्यांच्या गेममध्ये लोडिंगचा बराचसा वेळ लेव्हल तयार करण्यातच जातो, डिस्कवरून वाचण्यात नाही. म्हणजे त्यांचा पण एक तळ होता आणि तो आधी मोजलाच नव्हता.

२५ जानेवारी, रविवार

राजारामपुरीतल्या ओळखीच्या दुकानातून ५०० जीबीची साधी साटा एसएसडी दोन दिवसांसाठी आणली. गेम तिच्यावर कॉपी केला. ६१, ६१, ६२. तळापासून तीन सेकंद वर. एसएसडीमध्ये हेडच नाही, उडी मारायला काही हलत नाही, त्यामुळं त्या सगळ्या आतल्या उड्या फुकटात. आणि ह्याच्यापेक्षा महागडी एनव्हीएमई घेतली तरी ह्या प्रोसेसरवर ह्या गेमला ५८ च लागणार, म्हणजे जास्तीचे पैसे तीन सेकंदांसाठी.

भाचा लगेच, "मग हिला पण डिफ्रॅग मारू काय अधनंमधनं?" नको. ऑप्टिमाइझचं बटण दाबलं तर विंडोज एसएसडी ओळखून तिला ट्रिम पाठवतं, म्हणजे कुठली जागा आता रिकामी झाली ते सांगतं, तेवढं पुरे. तुकडे जोडत बसलं तर मिळायचं काही नाही, उगाच लिहून लिहून झिजवायची.

एसएसडी दुकानात परत दिली. ताईचं म्हणणं आहे की दहावीची परीक्षा होईपर्यंत ९५ सेकंद बरे आहेत.

७ फेब्रुवारी, शनिवार

गेमचा नवीन पॅच आला, १.४ जीबीचा. ह्या वेळी रेकॉर्डिंग E: वर जातंय आणि D: वर जवळपास दीडशे जीबी मोकळे आहेत. भाच्याला contig शिकवलंय, त्यानं स्वतःच चालवून फोटो पाठवला: पॅच फाइल, तुकडे १४. खाली विचारलंय, जोडू का. लोडिंग मोज म्हटलं. रीस्टार्ट करून ९६ आलं. मग राहू दे म्हटलं.